कोटेशनमधलं न वाचलेलं पान

इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय सोसायटीला टाळता येत नाही. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ३५३ ब हे कलम याचसाठी आहे. सोसायट्यांचे आदर्श उपविधी तर त्याहून आधीपासून सांगतात: पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. मग कमिटी दोन-तीन सल्लागार अभियंत्यांकडून कोटेशन मागवते, सेक्रेटरी शेवटच्या पानावरचे आकडे एका तक्त्यात मांडतात आणि सभेत सर्वांत खालच्या आकड्यावर हात वर होतात.

हे हात वर होण्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल मला लिहायचं आहे. असे प्रस्ताव लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग आहे आणि इतरांचे प्रस्ताव वाचून दाखवण्यासाठीही सोसायट्या बोलावतात. सल्लागाराच्या प्रस्तावात किंमत लिहिलेली असते मानधनाच्या पानावर, पण ठरलेली असते गृहीतकांच्या पानावर. ते पान बहुतेक वेळा शेवटी, बारीक अक्षरात असतं. काही प्रस्तावांत ते नसतंच, आणि तो प्रस्ताव सर्वांत महाग पडू शकतो.

समजा, डोंबिवलीत १९८९ साली बांधलेली एक सोसायटी आहे. दोन विंग, तळमजला अधिक चार मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे एकूण चाळीस घरं. बाहेरून काही कॉलमना उभ्या चिरा गेल्या आहेत, वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत बाथरूमच्या स्लॅबचं प्लास्टर पडलं आहे, गच्चीवरच्या टाकीखालच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. बिल्डरने दिलेले नकाशे कुणाकडेच नाहीत. कमिटीकडे दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला ४८,००० रुपयांचा आणि मुदत पंधरा दिवसांची. दुसरा १,३५,००० रुपयांचा आणि मुदत आठ आठवड्यांची. जीएसटी दोन्हीकडे वेगळा. सोसायटी काल्पनिक आहे आणि पुढचे सगळे दर समजावण्यापुरते घेतले आहेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

दोन्ही प्रस्तावांच्या पहिल्या पानावर एकच वाक्य आहे: ‘इमारतीचे संपूर्ण स्ट्रक्चरल ऑडिट करणे’. सगळी फसगत ‘संपूर्ण’ या शब्दात आहे. कामाची व्याप्ती अशा शब्दाने ठरत नाही, ती मोजून ठरते: किती घरं पाहणार, त्यांत किती वेळ घालवणार, कोणत्या चाचण्या किती ठिकाणी करणार आणि शेवटी सोसायटीच्या हातात कोणते कागद देणार.

पहिल्या प्रस्तावात ‘प्रत्यक्ष पाहणी: एक दिवस’ असं आहे. एका दिवसात चाळीस घरं म्हणजे जिने चढणं-उतरणं धरून घराला दहा मिनिटं. एवढ्यात माणूस फार तर दारातून आत डोकावून छताकडे बघू शकतो. नीट पाहायचं तर प्रत्येक खोलीचा स्लॅब हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावं लागतं, संडास-बाथरूमचं छत खालच्या घरातून तपासावं लागतं, बाल्कनी आणि खिडक्यांवरचे छज्जे बघावे लागतात, आणि कुणी भिंत काढली असेल तर ती टिपावी लागते. त्याला घरामागे वीस मिनिटं तरी लागतात. चाळीस घरांची होतात आठशे मिनिटं, म्हणजे सव्वातेरा तासांहून थोडं अधिक, दोन पूर्ण दिवस. बंद मिळालेल्या घरांसाठी पुन्हा एक दिवस. बाहेरच्या बाजू, गच्ची, टाक्या, जिना यांना एक दिवस. चाचण्यांच्या जागा आखायला एक दिवस. दुसऱ्या प्रस्तावात नेमके हेच पाच दिवस धरलेले आहेत. म्हणून कमिटीला मी नेहमी सांगतो की मानधनाआधी दिवस मोजा.

चाचण्यांच्या बाबतीत थोडं खोलात जावं लागेल, कारण दोन प्रस्तावांतला मोठा फरक तिथेच आहे. पहिल्यात रीबाउंड हॅमर चाचणी वीस ठिकाणी धरली आहे आणि ‘इतर चाचण्या आवश्यकतेनुसार, सोबतच्या दरपत्रकाप्रमाणे’ असं म्हटलं आहे. रीबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा दांडा काँक्रीटवर आपटून तो किती उसळतो ते मोजणारं साधन. उसळी जास्त तर पृष्ठभाग कठीण, आणि त्यावरून मजबुतीचा अंदाज. चाचणी स्वस्त आहे, झटपट होते आणि तिची जागा तिला आहे. पण जुन्या इमारतीत ती एकटी पुरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपतो, तिथल्या चुन्याशी संयोग पावतो आणि वरचा थर उलट अधिक कठीण करून ठेवतो. हॅमर तेवढ्या थरावरच आपटतो आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा चांगला येतो. त्याच वेळी आत काय झालेलं असतं? काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सळीला गंजापासून जपत असतो. कार्बन डायऑक्साइड सळीपर्यंत पोचला की ते कवच जातं. मग ओलावा मिळाला की सळी गंजते, गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा घेतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटला चीर पाडतो. आपल्या सोसायटीच्या कॉलमवरच्या उभ्या चिरा बहुधा याच आहेत. म्हणजे जी प्रक्रिया इमारत खात आहे, तीच हॅमरला दिलासा देणारा आकडा दाखवते.

म्हणून दुसऱ्या प्रस्तावात हॅमरच्या साठ जागांसोबत आणखी चार गोष्टी आहेत. अल्ट्रासॉनिक चाचणी चाळीस ठिकाणी: काँक्रीटमधून ध्वनितरंग किती वेगाने जातो यावरून आतली पोकळी आणि भेगा कळतात. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट ठीक मानतात, तीनच्या खाली गेला तर शंका घेतात. हाफ-सेल चाचणी वीस ठिकाणी: सळीचा विद्युत दाब मोजून गंज चालू असण्याची शक्यता सांगणारी. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर ती शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. कार्बोनेशन चाचणी वीस ठिकाणी: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात, जो भाग गुलाबी होतो तो अजून शाबूत, जो रंगहीन राहतो तिथलं संरक्षण संपलेलं. आणि आठ कोअर, म्हणजे यंत्राने काढलेले काँक्रीटचे दंडगोल, जे प्रयोगशाळेत दाबून फोडतात. मजबुतीचा खरा पुरावा कोअरच देतो, बाकीच्या अंदाजांना तोच आधार असतो.

आता पहिल्या सल्लागाराला सांगून बघू की दुसऱ्याइतक्याच चाचण्या करा. त्याच्याच दरपत्रकात हॅमर २५० रुपये जागा, अल्ट्रासॉनिक ५००, हाफ-सेल ६००, कार्बोनेशन ३०० आणि कोअर ४,५०० रुपये आहे. हॅमरच्या उरलेल्या चाळीस जागांचे १०,०००, अल्ट्रासॉनिकचे २०,०००, हाफ-सेलचे १२,०००, कार्बोनेशनचे ६,००० आणि आठ कोअरचे ३६,०००. हे झाले ८४,०००. मग शेवटच्या पानावरची दोन गृहीतकं उघडतात. एक, ‘नकाशे सोसायटी पुरवेल’. नकाशे नाहीत, म्हणजे इमारत मोजून आराखडा काढणं आलं, आणि त्याच्या दरपत्रकात त्याचे १५,००० आहेत. दुसरं, ‘प्लास्टर काढणे व पूर्ववत करणे सोसायटीकडे’. हाफ-सेलला सळीशी तार जोडावी लागते, त्यासाठी ती उघडी करावीच लागते. गवंडी आणून खोदायचं आणि पुन्हा भरायचं, याचे ८,००० धरू. एकूण बेरीज १,५५,०००. ज्याला स्वस्त म्हणून निवडणार होतो, तो सारख्या कामाला वीस हजारांनी महाग निघाला. शिवाय पाहणी अजून एका दिवसाचीच आहे.

यावरून पहिला सल्लागार लबाड आहे असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. कमी चाचण्यांत भागणाऱ्या इमारती असतात, आणि त्याने आपली गृहीतकं लिहून तरी दिली आहेत. खरं तर मला स्वतःला तिसरी रचना जास्त पटते. पहिला टप्पा पाहणीचा, ठरावीक मानधनात. त्यावरून कोणत्या कॉलम-बीमवर कोणती चाचणी का हवी याची यादी सल्लागाराने कमिटीला द्यायची, आणि दुसरा टप्पा त्या यादीवर, आधीच मान्य केलेल्या दरांनी. इमारत न बघता साठ जागांचा आकडा लिहिणं हाही शेवटी अंदाजच आहे. फक्त दर, खर्चाची कमाल मर्यादा आणि निर्णय कोण घेणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवं. ‘आवश्यकतेनुसार’ लिहिताना कुणाच्या मते आवश्यक, हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या सल्लागाराला त्याच्या १,३५,००० ची फोड मागायला संकोचू नये. ती साधारण अशी निघेल: पाहणीचे पाच दिवस, अभियंता आणि मदतनीस मिळून दिवसाला ६,००० प्रमाणे ३०,०००. प्रयोगशाळेला द्यायचे ६०,०००. मोजमाप आणि आराखडा १०,०००. अनुभवी अभियंत्याचे विश्लेषणाचे आणि अहवालाचे पाच दिवस, २५,०००. सभेत अहवाल समजावणं, छपाई आणि कार्यालय खर्च १०,०००. फोड समोर आली की घासाघीस योग्य जागी होते. कमिटीने ‘दहा हजार कमी करा’ म्हटलं आणि सल्लागाराने मान डोलावली, तर ते दहा हजार कुठून तरी जाणार, बहुधा अहवालाच्या दिवसांतून. त्यापेक्षा प्लास्टर भरण्याचं काम सोसायटी स्वतः करेल असं ठरवून तेवढी रक्कम कमी करून घ्यावी.

गृहीतक नीट लिहिलं आहे का, हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. काय धरलं आहे, ते खरं आहे की नाही हे कधी कळणार, आणि खोटं निघालं तर पैशात व वेळेत काय फरक पडणार, ही तिन्ही उत्तरं त्यात हवीत. ‘सभासदांचे सहकार्य अपेक्षित आहे’ हे गृहीतक नाही, ती सदिच्छा आहे. मी ते असं लिहीन: ‘चाळीसपैकी किमान छत्तीस घरे दोन फेऱ्यांत पाहता येतील असे धरले आहे. दुसरी फेरी संपल्यावर न पाहिलेल्या घरांची यादी सेक्रेटरींना लेखी दिली जाईल. तिसरी फेरी हवी असल्यास दिवसाला ६,००० रुपये व मुदतीत एक आठवड्याची वाढ. ती नको असल्यास ती घरे अहवालात न तपासलेली म्हणून नोंदवली जातील.’ शेवटचं वाक्य सोसायटीला आवडत नाही. पण बंद घराच्या बाथरूमखालीच सळी गंजलेली असू शकते, आणि अहवाल वाचणाऱ्याला तो भाग कुणी पाहिला नाही हे कळायलाच हवं.

तसंच व्याप्तीबाहेर काय, हेही स्पष्ट असावं. नेहमीच्या ऑडिटमध्ये पाया तपासत नाहीत, कारण त्यासाठी खड्डा खणावा लागतो. फॉल्स सीलिंगच्या आडचा स्लॅब दिसत नाही. लिफ्ट, ड्रेनेज आणि कुंपणाची भिंत बहुतेक वेळा बाहेर असतात. आणि महापालिकेच्या नमुन्यातलं स्थैर्य प्रमाणपत्र मानधनात धरलं आहे का, हे विचारायलाच हवं. ते महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याचंच लागतं. ऑडिट एकाने केलं आणि प्रमाणपत्रासाठी दुसऱ्याकडे जावं लागलं, तर दुसरा पुन्हा तपासल्याशिवाय सही करणार नाही, आणि करू नये.

व्याप्तीच्याही आधी एक ओळ असावी लागते, जी फार कमी प्रस्तावांत सापडते: हे ऑडिट कशासाठी? दुरुस्ती ठरवायला, महापालिकेच्या नोटिशीला उत्तर म्हणून, की पुनर्विकासाचा निर्णय घ्यायला? मुंबईच्या पट्ट्यात जुन्या इमारतींचे वर्ग केले जातात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२ ब म्हणजे रहिवासी राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सोसायटीतल्या एका गटाला पुनर्विकास हवा असेल तर सी-१ यावं असं त्यांना वाटतं, दुसऱ्या गटाला घर सोडायचं नसेल तर सी-३ यावं असं वाटतं. सल्लागार मधे सापडतो. म्हणून मानधनाचा कोणताही हप्ता निष्कर्षावर अवलंबून नसावा. वर्क ऑर्डरबरोबर ४० टक्के, चाचण्या संपल्यावर ४० टक्के आणि अंतिम अहवाल हाती पडल्यावर २० टक्के, असे टप्पे कामावर बांधलेले असावेत. ‘अहवाल कमिटीला मान्य झाल्यावर’ असा टप्पा मी कधीच मान्य करणार नाही. अहवालात चूक दाखवणं हा कमिटीचा हक्क आहे. इमारतीचा वर्ग मान्य-अमान्य करणं हे तिचं काम नाही. कोणत्याही बिल्डरशी किंवा दुरुस्ती कंत्राटदाराशी आपला व्यवहार नाही, हेही सल्लागाराने प्रस्तावात लिहून द्यावं.

ऑडिटनंतर दुरुस्ती आली की मानधनाचं स्वरूप बदलतं, आणि इथे रक्कमही मोठी असते. देखरेखीचं मानधन बहुधा दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्क्यांत मागतात. आपल्या सोसायटीचा अंदाज ६० लाखांचा निघाला आणि मानधन चार टक्के ठरलं, तर ते झालं २,४०,०००. प्रत्यक्षात खर्च ८५ लाखांवर गेला तर मानधन ३,४०,०००. दुरुस्तीच्या कामात खर्च वाढणं नवल नाही. बाहेरून दोन फुटांची चीर दिसते, काँक्रीट फोडलं की गंज पाच फुटांवर गेलेला असतो. वाढलेलं काम मोजून बिल मंजूर करायचं कुणी? त्याच सल्लागाराने, ज्याचं मानधन त्या बिलाबरोबर वाढतं. बरेचजण हे इमानदारीने करतात, तरी कमिटीने माणसाच्या इमानावर करार उभा करू नये. मानधन मूळ अंदाजावर ठरावीक रकमेत बांधावं. खर्च पंधरा टक्क्यांपर्यंत वाढला तर त्यात बदल नाही. त्यापुढे काम लांबलं तर जागेवरच्या अभियंत्याचा महिन्याचा दर द्यावा, कारण सल्लागाराचा खर्च खरोखर वाढतो तो महिन्यांनी. आणि प्रत्येक भाग फोडल्यावर, नवा माल भरायच्या आधी, कंत्राटदार, सल्लागार आणि कमिटीचा एक सभासद यांनी मिळून मोजमाप घेऊन वहीत सही करावी. भरून झाल्यावर आत किती फोडलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

वेळापत्रकात पहिल्यांदा बघायचं ते हे की दिवस कधीपासून मोजणार. पहिल्या प्रस्तावातले पंधरा दिवस ‘सर्व कागदपत्रे व सर्व घरांचा प्रवेश मिळाल्यापासून’ आहेत. नकाशे नसलेल्या सोसायटीत ते पंधरा दिवस सुरूच होणार नाहीत. दुसऱ्याचे आठ आठवडे वर्क ऑर्डरच्या तारखेपासून आहेत, आणि त्यात पाहणीला दोन, चाचण्या व प्रयोगशाळेला तीन, मसुदा अहवालाला दोन आणि सुधारित अहवालाला एक आठवडा अशी विभागणी आहे. पण खरं वेळापत्रक पाऊस ठरवतो. बाहेरची दुरुस्ती जूनमध्ये थांबवावी लागते आणि ऑक्टोबरशिवाय पुन्हा नीट सुरू होत नाही. जानेवारीत वर्क ऑर्डर दिली तर अहवाल मार्चच्या सुरुवातीला. मग सभा, निविदा आणि कंत्राटदाराची निवड यांत एप्रिल संपतो. मे महिन्यात परांची बांधून कॉलम फोडले, तर पावसाच्या तोंडावर इमारत उघडी पडते. अशा वेळी प्रस्तावातच लिहिलेलं असावं की मे-जूनमध्ये फक्त गच्चीची गळती, टाकीखालचे टेकू आणि धोकादायक छज्जे एवढंच करायचं आणि मुख्य दुरुस्ती दिवाळीच्या सुमारास सुरू करायची. ऑडिटचं काम जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करण्यात मात्र एक फायदा आहे, गळती कुठून येते हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. त्या दिवसांत ओल्या काँक्रीटवर घेतलेली अल्ट्रासॉनिक आणि हाफ-सेलची वाचनं वेगळी येतात, म्हणून काँक्रीट ओलं होतं की कोरडं याची नोंद अहवालात मागावी.

प्रस्ताव स्वीकारताना त्याला वर्क ऑर्डरची जोडपत्र म्हणून जागा द्यावी, गृहीतकांच्या पानासकट. बोलण्यात ठरलेले बदल, म्हणजे कमी केलेले दहा हजार, वाढवलेली एक फेरी, सभेला यायचं कबूल केलेलं, हे त्याच पानावर हाताने लिहून दोघांनी सही करावी. चेअरमन आणि सेक्रेटरींच्या सह्यांशेजारी सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाकावी. दुरुस्ती दोन वर्षं चालते, मधे निवडणूक होऊन कमिटी बदलते, आणि तिसऱ्या हप्त्याचं बिल नव्या खजिनदारांच्या टेबलावर येतं तेव्हा हे पैसे कशाचे, हे त्यांना त्या कागदावरूनच ठरवायचं असतं.